फट बुजेपर्यंत सळईत ताण येतो की नाही?

सिव्हिल, तिसरं वर्ष:
२ मीटर लांबीचा, २० मिमी चौकोनी लोखंडी बार आहे. एक टोक भिंतीत पक्कं, दुसरं टोक समोरच्या भिंतीपासून ०.६ मिमी दूर. २० अंशांना बसवला आणि ६५ पर्यंत तापवला. स्ट्रेस कितव्या अंशाला सुरू होईल आणि शेवटी किती असेल? माझं उत्तर १०८ मेगापास्कल आलं, वर्गात ४८ सांगितलं. रूममेट म्हणतो, तापायला लागला की स्ट्रेस आलाच. परवा पेपर आहे.

धरमपेठकर:
रूममेट बरोबर आहे. तापलं की आतले अणू एकमेकांना ढकलतात, म्हणूनच तर लांबी वाढते. ढकलणं म्हणजेच ताण. फट बुजल्यावर तो वाढतो एवढंच. २१ अंशालाही थोडा तरी असणारच.

लॅबवाले मास्तर:
नाही हो. अणू ढकलतात म्हणून बार लांब होतो आणि लांब झाला की ढकलणं संपतं. २१ अंशाला त्याची हक्काची लांबीच वाढलेली असते. ती मिळाली तर तक्रार कसली? ताण येतो तो हवी ती लांबी मिळाली नाही म्हणून.

हा बार अंशाला ०.०२४ मिमी वाढतो. ०.६ ला २५ अंश लागले, म्हणजे ४५ ला टोक भिंतीला टेकलं. तिथवर शून्य. पुढच्या २० अंशांत त्याला आणखी ०.४८ मिमी हवे होते, मिळाले नाहीत. नाकारलेली ही लांबी २००० ने भागा, लोखंडाच्या E ने, म्हणजे २ लाख मेगापास्कलने गुणा, ४८ येतात. तुमचे १०८ आले कारण फुकट मिळालेले २५ अंशही तुम्ही धरले.

हे आम्ही प्रयोगशाळेत पोरांना दाखवायचो. बार बेकेलाइटच्या पकडीत, समोर पितळी पट्टी, दोघांना बॅटरी आणि टॉर्चचा बल्ब जोडलेला. टोक टेकलं की बल्ब लागतो. एकदा हिटरची पट्टी फक्त मधोमध गुंडाळली होती आणि थर्मामीटरही तिथेच. हिशोबाने बल्ब ४५ ला लागायला हवा होता. ४५ गेले, ५० गेले, बल्ब लागेना. पोरं माझ्याकडे बघायला लागली! ५७ च्या सुमारास लागला. टोकं थंड होती हो. अख्ख्या बारचं सरासरी तापमान ४५ व्हावं लागतं, एका जागेचं नाही.

हिंगण्याचा फॅब्रिकेटर:
भाऊ, हे ०.६ काहून ठेवता? आम्ही ग्रिल ठोकतो तर फ्रेममधी केसभर फट नाही ठेवत. वीस वर्सं झाली, ऊन ४५ च्या वर जाते, लोखंडाले हात लावता येत नाही, पण सळई वाकली नाही कधी. एकच काम अंगावर आलं. गच्चीवर दोन सिमेंटच्या खांबांमधी बारा फुटी पाइप डिसेंबरच्या सकाळी टाइट बसवला. मे महिन्यात मालकाचा फोन, "पाइप धनुष्य झाला." माह्याच पैशानं बदलून दिला. मंग सांगा, फट किती ठेवाची?

लॅबवाले मास्तर:
मूळ प्रश्न फट किती ठेवायची हा नाही, पण तुमची दोन्ही उदाहरणं कामाची आहेत. ग्रिलची फ्रेम लोखंडाची, तीही सळईइतकीच तापते आणि तेवढीच वाढते. मग अडवणारं कोण? पाइपाच्या वेळी पाइप उन्हात तापला, खांब जाडजूड, ते मागे राहिले. पोराच्या प्रश्नातली भिंत तशी थंड आणि न हलणारी धरली आहे. बारा फुटांना १५ पासून ६५ पर्यंत सव्वादोन मिमीच्या आसपास वाढ होते, ती फट ठेवा.

धरमपेठकर:
मान्य, पण एक अडचण आहे. स्ट्रेस म्हणजे E गुणिले स्ट्रेन. ४५ पर्यंत बार लांब होतोय, म्हणजे स्ट्रेन आहे, तरी स्ट्रेस शून्य? आणि ४५ नंतर लांबी बदलतच नाही, स्ट्रेन थांबला, तर स्ट्रेस सुरू? उलटंच झालं की!

लॅबवाले मास्तर:
अगदी उलटंच होतं आणि ओळखायची खूणही तीच. E ने गुणायचा तो अडवलेला भाग, दिसणारी वाढ नाही:

```
σ = E · (α·ΔT − gap/L)      (αΔT > gap/L)
```

डायल गेज लावा. काटा ४५ पर्यंत चढतो आणि मग गप्प बसतो. काटा जिथे थांबला तिथे ताण सुरू झाला. लोखंडासाठीच जुळवलेला स्ट्रेन गेज लावलात तर तो उलट वागेल, ४५ पर्यंत शून्याजवळ आणि नंतर वजा दिशेला.

बुटीबोरी शिफ्ट:
सगळे ४८ वर खूश दिसताय. बार बघा ना! २ मीटर लांब आणि जेमतेम २० मिमी जाड. ४८ म्हणजे जवळपास दोन टनांचा दाब. भिंतीला टेकलेलं टोक थोडंही वळू शकत असेल, बिजागरीसारखं, तर हा बार ३४ मेगापास्कललाच बाजूला झुकतो. टेकल्यापासून जेमतेम १४ अंश, म्हणजे ५९ ला. पुढे ताण वाढायच्या ऐवजी पोट बाहेर येतं. उरलेल्या ६ अंशांची ०.१४ मिमी लांबी मधोमध सेंटीमीटरभर बाक देते. काकांचा पाइप धनुष्य झाला तो असाच. तुमचं ४८ कधी येतच नाही.

लॅबवाले मास्तर:
टोक बिजागरी धरलं तर. पण चौकोनी टोक सपाट भिंतीवर पूर्ण टेकलं तर ते वळणार कसं? दोन्ही टोकं पक्की धरली की मर्यादा ६५ मेगापास्कलच्या वर जाते, आणि ४८ ला बार सरळच राहतो.

बुटीबोरी शिफ्ट:
कागदावर. करवतीने कापलेलं टोक कधी काटकोनात असतं का? आधी एक कोपरा टेकतो, दाब मध्यावरून सुटतो आणि तिथूनच झुकायला सुरुवात होते. ते टोक मी पक्कं धरणार नाही.

लॅबवाले मास्तर:
कोपरा आधी टेकला तर बल्बही आधी लागेल, एवढं मान्य. पण दाब वाढला की तो कोपरा चेपतो आणि टोक बसतं. बिजागरीही नाही आणि पक्कंही नाही, मधलं काहीतरी. किती मधलं, ते मी गणिताने सांगणार नाही.

सिव्हिल, तिसरं वर्ष:
पेपरात ४५ अंश आणि ४८ लिहितो, "बार झुकत नाही असं गृहीत धरून" ही ओळ जोडून. चालेल?

बुटीबोरी शिफ्ट:
ती ओळ नक्की लिही.

हिंगण्याचा फॅब्रिकेटर:
२० चा चौकोनी बार दुकानात पडून आहे. दोन खांब बी आहेत. रविवारी या, गॅसनं तापवू, टोक करवतीचंच ठेवतो.

लॅबवाले मास्तर:
गॅसची ज्योत एका जागी धरू नका, नाहीतर माझ्या बल्बासारखं होईल. डायल गेज मी आणतो.