सलाईन चढवली की तरतरी येते: हा निव्वळ भ्रम की शरीरात खरंच काही होतं?

पाटीवरचा_खडू: आमच्या आजोबांना जरा अशक्तपणा वाटला की 'सलाईन लावा'चा धोशा सुरू होतो. बाटली चढली की तासाभरात गडी ताजातवाना. आत असतं मीठ-पाणी! माझ्या मते हा शुद्ध भ्रम आहे आणि उपचार म्हणून त्याची किंमत शून्य. कुणाचं वेगळं मत आहे का?

सरासरी: सहमत. माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्रास शिगेला पोचलेला असतो. तो काहीही न करता उतरणारच असतो, श्रेय मात्र बाटलीला मिळतं. शिवाय डॉक्टरांनी एवढं केल्यावर 'काही फरक नाही' म्हणायला लोक संकोचतात. औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटतं त्याला प्लासिबो, प्लासिबो म्हणतात, त्यात बहुतेक हेच असतं.

भूलवाला: 'सरासरी', निम्मं बरोबर आहे तुमचं. म्हणून साखरेच्या गोळ्या बाजूला ठेवू आणि खऱ्या औषधाचं बघू. इटलीत तुरिनला फाब्रित्सिओ बेनेदेत्तींच्या गटाने ऑपरेशन झालेल्या रुग्णांना वेदनाशामक दोन प्रकारे दिलं. काहींना डॉक्टर खाटेजवळ येऊन 'आता दुखणं कमी होईल' असं सांगून देत. बाकीच्यांना तेच औषध आधीच लावलेल्या ड्रिपमधून यंत्र गुपचूप सोडत असे. खोलीत ना डॉक्टर ना नर्स, औषध कधी सुरू झालं याचा रुग्णाला पत्ता नाही. तेवढाच आराम पडायला गुपचूपवाल्यांना जास्त डोस लागला. आपोआप उतरणारं दुखणं तर दोन्हीकडे सारखंच होतं, मग फरक कशाने पडला? औषध मिळतंय हे माहीत असण्याने.

सरासरी: पण मोजलं काय? रुग्णाने तोंडाने सांगितलेलं दुखणं. संकोचाचा मुद्दा तसाच राहिला.

भूलवाला: त्याचं उत्तर १९७८ सालचं आहे. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. नालोक्सोन आमच्या ट्रॉलीत कायम असतं. मॉर्फिन जास्त झालं तर तो उतारा, कारण मॉर्फिन जिथे जाऊन बसतं तिथून ते त्याला हुसकावतं. या रुग्णांपैकी काहींना नुसत्या प्लासिबोने आराम पडला होता. त्यांना नालोक्सोन दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. भिडेखातर 'बरं वाटतंय' म्हटलं असतं तर नालोक्सोनने भीड कशी मोडली? शरीराने स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन सोडलं होतं, ते अडवलं गेलं. सगळाच प्लासिबो या वाटेने जात नाही हेही खरं, काही प्रकार नालोक्सोनला दाद देत नाहीत.

अनघा_म: माझ्या मुलाला दमा आहे. सासूबाईंचं रोजचं पालुपद, 'पंपाची सवय लागते'. वरचं वाचून वाटलं, विश्वासाने एवढं होत असेल तर पंप कमी करून बघावा का?

भूलवाला: ताई, अजिबात नको! २०११ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी नेमकं दम्यातच हे तपासलं. तेच रुग्ण आळीपाळीने चार गोष्टींतून गेले: सॅल्ब्युटामॉलचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. 'किती बरं वाटलं?' या प्रश्नाला पहिल्या तिन्हींना जवळजवळ सारखंच उत्तर मिळालं, पन्नास टक्क्यांच्या आसपास. काहीच न केल्यावर २१ टक्के. पण फुंकून श्वास मोजला तेव्हा खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के सुधारणा झाली आणि बाकी तिन्हींत सुमारे ७. म्हणजे श्वासनळ्या आवळलेल्याच आणि मुलगा म्हणतो 'आई, बरं वाटतंय'. धोका तिथेच आहे. डोस बदलायचा तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

सरासरी: बघा, म्हणजे माझंच खरं. तक्रार बदलते, आजार नाही.

भूलवाला: दम्यात, हो. पण ऑपरेशननंतरचं दुखणं हीच तक्रार असते, तिच्यामागे शोधायला वेगळा आजार नसतो. तिथे तक्रार कमी करणं हाच उपचार. मी सुई टोचताना 'पाच-दहा मिनिटांत आराम पडेल' असं मुद्दाम सांगतो, कारण ते खरं असतं आणि औषधाला त्याची जोड मिळते. काही न बोलता टोचलं तर औषधाचा एक भाग वाया घालवल्यासारखंच.

हातगुण: आणि फसवायचीही गरज नाही. २०१० मध्ये कॅपचक या संशोधकांनी आयबीएसच्या, म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याच्या विकाराच्या, रुग्णांना 'यात औषध नाही' असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, तरी ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. गोळ्या न दिलेल्यांत ३५. आमचे जुने फॅमिली डॉक्टर उगाच नव्हते चालत!

सरासरी: ८० माणसं, तीन आठवडे, आणि पुन्हा रुग्णाचंच म्हणणं. आपल्याला गोळी मिळाली की नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. यावर मी माझं मत बदलणार नाही.

भूलवाला: या अभ्यासाबाबत मीही सावधच आहे. तीन आठवड्यांवरून वर्षभराचं सांगता येत नाही.

पाटीवरचा_खडू: मग आजोबांची बाटली चालू ठेवायची?

भूलवाला: नको. म्हाताऱ्या हृदयाला, मूत्रपिंडाला जादा पाणी झेपत नाही, पायावर सूज येते, दम लागतो. आधी हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासा. तरतरी आली म्हणून अ‍ॅनिमिया नाही असं समजू नका.