प्रबंधातील मर्यादा किती उघड कराव्यात? पुराच्या वार्तांकनावरील एका प्रबंधानिमित्त चर्चा

शोधार्थी, कोल्हापूर

ऑगस्ट २०१९ च्या पुराचे दोन मराठी दैनिकांच्या कोल्हापूर आवृत्तीतील वार्तांकन हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. ग्रंथालयाच्या फाईलमध्ये एका दैनिकाचे ७ ते १० ऑगस्टचे अंक नाहीत. बातमीचा सूर टीकात्मक आहे की नाही, हे मी आणि दुसऱ्या कोडरने १०० बातम्यांवर स्वतंत्रपणे ठरवले, तेव्हा ८६ ठिकाणी आमचे जुळले. शिवाय १८० वाचकांची प्रश्नावली व्हॉट्सॲपवरून फिरवलेली आहे. मार्गदर्शक म्हणतात, मर्यादा दोन ओळींत उरका, नाहीतर बाह्य परीक्षक त्यावरच धरतील. हे सगळे लिहिले तर प्रबंधात उरते काय?

उपसंपादक, शाहूपुरी

ताई, तुमच्या मार्गदर्शकांचे बरोबर आहे. परीक्षकाकडे तीनशे पानांचा प्रबंध येतो. तो सारांश वाचतो, निष्कर्ष वाचतो आणि मर्यादांचे पान हमखास उघडतो, कारण मौखिक परीक्षेत विचारायचे प्रश्न तिथे आयते मिळतात. आमच्या डेस्कवरसुद्धा जी माहिती मिळाली नाही तिची जाहिरात आम्ही बातमीत करत नाही. जी मिळाली ती नीट मांडतो. वेळ, खर्च आणि उपलब्ध साधने यांची मर्यादा होती, एवढे लिहावे आणि पुढे जावे. यात खोटे काहीच नाही. उमेदवाराने आपल्याच कामावर फिर्याद दाखल करायची आणि निकालाची वाट बघत बसायचे, हा कुठला प्रामाणिकपणा?

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

उपसंपादक महोदय, वेळ आणि खर्चाची ती दोन वाक्ये मी अनेक प्रबंधांत वाचली आहेत आणि परीक्षक म्हणून मला संशय आला तो नेहमी त्यांचाच. आपल्याकडे ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’ हा मथळा पहिल्या प्रकरणात असतो, तो मजकूर आराखडा सादर करतानाच लिहिलेला असतो आणि चार-पाच वर्षांनी तसाच बांधणीला जातो. म्हणजे काम सुरू होण्याआधीच कामातल्या मर्यादा ठरलेल्या असतात. अशा मजकुरात ७ ते १० ऑगस्ट या तारखा येणारच नाहीत.

आता त्या चार अंकांकडे पाहू. हे अंक महिन्यातून कुठलेही चार गहाळ व्हावेत तसे गेलेले नाहीत. त्या आठवड्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होते, शिरोळ तालुक्यातली गावे वेढली गेली होती आणि बातम्यांत बोटी, एनडीआरएफ आणि स्थलांतर यांचा भर असणे स्वाभाविक होते. पंचनामे आणि भरपाई हे विषय पाणी ओसरल्यावर पुढे येतात. त्यामुळे त्या दैनिकाच्या महिन्याभराच्या बेरजेत बचावकार्याचा वाटा खऱ्यापेक्षा कमी आणि भरपाईचा वाटा जास्त दिसण्याची शक्यता आहे. ‘काही अंक उपलब्ध झाले नाहीत’ या वाक्यातून यातले काहीही वाचकाला कळत नाही. आकडा कोणत्या बाजूला झुकला असेल हे सांगितले, तरच त्या मर्यादेचा वाचकाला उपयोग होतो.

ते झुकणे किती आहे, याचा अंदाजही तुम्हाला घेता येईल. ज्या दैनिकाचे सर्व अंक तुमच्याकडे आहेत, त्याचे हेच चार दिवस वगळून कोष्टक पुन्हा काढा. बचावकार्याचा वाटा किती घसरतो ते दिसेल. मग दोन दैनिकांची तुलना करताना दोघांचेही फक्त समान दिवस घ्या आणि तसे तक्त्याखाली लिहा. दोन्ही रीतींनी निष्कर्ष तोच राहिला, तर मर्यादा सांगूनही तुमचे म्हणणे पक्के झालेले असेल. निष्कर्ष बदलला, तर मात्र तो निष्कर्ष तुमच्या हातात मुळात नव्हताच, आणि हे मौखिक परीक्षेत कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

जयसिंगपूरकर

मला वाटते मूळ मर्यादा वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. दोनच दैनिके का घेतली? आमच्या शिरोळ तालुक्यात त्या दिवसांत पेपर कोणाच्या हातात होता? लोक व्हॉट्सॲपवर आणि नातेवाइकांच्या फोनवर अवलंबून होते. माझा लघुप्रबंध स्थानिक केबल वाहिनीवर होता. त्यात मी इतर माध्यमे घेतली नाहीत, इतर तालुके घेतले नाहीत, ग्रामीण प्रेक्षक घेतले नाहीत, अशा एकूण नऊ मर्यादा लिहिल्या होत्या. परीक्षकांनी विचारले, “मग घेतले काय?” तेव्हापासून माझे मत उपसंपादक साहेबांच्या बाजूने आहे.

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

तुम्ही सांगता त्या नऊही गोष्टी विषयाची कुंपणे होती. दोन दैनिके निवडणे हा निर्णय आहे, त्याचे कारण पद्धतीच्या प्रकरणात द्यायचे असते. निवडलेल्या कुंपणाच्या आत जे ठरवले होते आणि जमले नाही, ते मर्यादांमध्ये यायला हवे. तुमच्या परीक्षकांचा प्रश्न मला योग्यच वाटतो, पण त्यावरून मर्यादा लिहूच नयेत असे कसे ठरते?

संख्याशास्त्राचा विद्यार्थी

मला दोन्ही बाजूंचा वाद अनावश्यक वाटतो. ८६ टक्के जुळणी ही चांगलीच आहे, ती अभिमानाने लिहावी; तिला मर्यादा म्हणण्याचे कारणच नाही. राहिला प्रश्न वाचकांचा. मोठ्या लोकसंख्येसाठी ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली तर ३८४ प्रतिसाद पुरतात, हे सर्वमान्य आहे. अजून साधारण २०० जणांकडून प्रश्नावली भरून घ्या, म्हणजे ती मर्यादाही उरणार नाही.

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

३८४ चे गणित बरोबर आहे, पण प्रत्येक वाचकाची निवड यदृच्छेने झाली असेल तरच ते लागू पडते. ताईंची लिंक मित्रांकडून मित्रांकडे गेली आहे. अशाच आणखी २०० जणांनी ती भरली तर त्याच वर्तुळातली माणसे वाढतील, पूरग्रस्त गावातला फोन नसलेला वाचक त्यात येणार नाही. तेव्हा प्रबंधात ‘वाचकांचा विश्वास वाढला’ असे विधान असेल, तर तेच खाली आणून ‘या १८० प्रतिसादकांनी असे सांगितले’ एवढे करावे लागेल. निष्कर्षात वाचक म्हणायचे आणि मर्यादांमध्ये प्रतिसादक म्हणायचे, ही खरी लबाडी आहे आणि ती परीक्षकाला लगेच दिसते.

आता जुळणीविषयी. ताई, त्या १०० बातम्यांची फोड द्याल का? दोघांनीही टीकात्मक म्हटलेल्या किती, दोघांनीही टीकात्मक नाही म्हटलेल्या किती, आणि मतभेद किती?

शोधार्थी, कोल्हापूर

सर, दोघांनाही टीकात्मक न वाटलेल्या ८० आहेत आणि दोघांनीही टीकात्मक म्हटलेल्या ६. उरलेल्या १४ पैकी ७ फक्त मला टीकात्मक वाटल्या आणि ७ फक्त दुसऱ्या कोडरला.

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

मग पाहा. कोणा एकाला तरी टीकात्मक वाटलेल्या बातम्या २० आहेत आणि त्यांतल्या केवळ ६ वर दोघांचे एकमत आहे. ८६ हा आकडा उभा आहे तो त्या ८० साध्या बातम्यांच्या जोरावर. बहुतेक बातम्या टीकात्मक नसल्यामुळे दोघांनी न वाचता याच प्रमाणात अंदाजाने शिक्के मारले असते, तरी सुमारे ७७ ठिकाणी जुळले असते. तेवढी योगायोगाची जुळणी वजा करणारा कोहेनचा कापा काढला तर तो ०.३८ येतो, आणि क्रिपेनडॉर्फचा अल्फाही जवळपास तेवढाच. क्रिपेनडॉर्फ ०.८० ची अपेक्षा ठेवतात आणि केवळ तात्पुरत्या निष्कर्षांसाठी ०.६६७ पर्यंत खाली येतात.

तुमच्या प्रबंधात ‘प्रशासनावरील टीका’ असे प्रकरण असेल, तर ते या ०.३८ वर उभे आहे. अशा वेळी मर्यादांमध्ये कबुली देऊन प्रकरण तसेच ठेवता येत नाही, कारण ती मर्यादा नसून मोजमापच झालेले नाही. आणखी एक पळवाट आधीच बंद करतो: स्थान, स्रोत, छायाचित्र या सोप्या घटकांची जुळणी सुराच्या जुळणीत मिसळून सरासरी देऊ नका. प्रत्येक घटकाचा आकडा स्वतंत्र द्या.

उपसंपादक, शाहूपुरी

म्हणजे एका आकड्यासाठी ताईंचे अख्खे प्रकरण कापायचे? बातमीचा सूर ही जाणवण्याची गोष्ट आहे. वीस वर्षे डेस्कवर बसून आमच्यातही त्यावर एकमत होत नाही. ‘सुराचे मूल्यमापन व्यक्तिसापेक्ष असते’ असे एक वाक्य लिहिले की विषय संपला.

अंकांबाबत मात्र एक सुचवतो. मर्यादा लिहिण्याआधी त्या दैनिकाच्या कचेरीत अर्ज करून फाईल पाहायला मागा. शहर आवृत्तीची फाईल बहुधा मिळेल. तालुक्याचे पान मात्र वेगळे छापले जाते, त्यामुळे शिरोळ भागात गेलेला अंक आणि फाईलमधला अंक एकच असेल असे धरू नका. ई-पेपरचेही तेच, कोणती आवृत्ती उघडली आहे ते आधी बघा.

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

फाईलची सूचना मोलाची आहे आणि तालुक्याच्या पानाची बाब तर मीही विचारात घेतली नव्हती. ती मर्यादांमध्ये अवश्य यावी, आणि प्रबंधाच्या नावातही ‘शहर आवृत्ती’ असे नेमके लिहावे.

सुराबद्दल मात्र माझे मत कायम आहे. तुमच्यासारख्या जाणत्यांचे एकमत होत नसेल, तर ताईंच्या आकड्यांवर वाचकाने विश्वास का ठेवावा? प्रकरण कापण्याआधी दुरुस्तीची संधी आहे. ताई, त्या १४ बातम्या समोर ठेवा. वाद कशावरून होतो ते बहुधा दोन-तीन नमुन्यांतच कळेल.

शोधार्थी, कोल्हापूर

सर, आज काढून पाहिल्या. बहुतेक वाद एकाच प्रकारच्या बातम्यांवर आहेत. बोट न आल्याने कुटुंबाने रात्र गच्चीवर काढली असे बातमीत आहे, पण बोट कोणी पाठवायची होती याचा उल्लेख नाही. मी ती टीका धरली, दुसऱ्या कोडरने हाल-अपेष्टांचे वर्णन धरले. उलट काही ठिकाणी ग्रामस्थाच्या तोंडचे वाक्य त्याने टीका धरले आणि मी सोडून दिले.

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

म्हणजे दोष दृष्टीचा नसून कोडबुकातल्या नियमाचा आहे. सूर हा शब्द काढून टाका आणि असा प्रश्न ठेवा: शासकीय यंत्रणेचा किंवा अधिकाऱ्याचा उल्लेख करून तिच्या कामातली उणीव बातमीत सांगितली आहे का, मग ती वार्ताहराच्या शब्दांत असो वा उद्धृत केलेल्या माणसाच्या? या नियमाने गच्चीवरची बातमी बाहेर जाईल आणि ग्रामस्थाचे वाक्य यंत्रणेचा उल्लेख असेल तरच आत येईल. नव्या नियमाची चाचणी नव्या १०० बातम्यांवर घ्या. जुन्या १०० वर तुम्ही चर्चा केलेली असल्याने तिथे जुळणारच. आकडा वर आला तर सर्व बातम्या नव्याने कोड करा, नाही आला तर प्रकरण वगळा.

मर्यादांमध्ये मग असे लिहावे लागेल: ‘नाव न घेता केलेली अप्रत्यक्ष टीका या मोजणीत आलेली नाही, त्यामुळे टीकात्मक बातम्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा संभव आहे.’ परीक्षकाने यावर विचारले तर तुमच्याकडे उत्तर तयार असेल.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी

जुळणीबाबतचे सरांचे म्हणणे मान्य आहे. पण पहिल्या फेरीचा ०.३८ प्रबंधात छापायचा का? चाचणी फेरी होती म्हणून सोडून देता येईल.

निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

माझ्या मते छापावा. नियम का बदलला याचे तेच कारण आहे, आणि ते लपवले तर नवा नियम आकडा सुधारण्यासाठी शोधल्यासारखा दिसतो.

उपसंपादक, शाहूपुरी

माझ्या मते परिशिष्टात टाकावा, मुख्य प्रकरणात नको. परीक्षक कापा पाहून पान उलटतील, त्यामागचे कारण वाचत बसणार नाहीत.

शोधार्थी, कोल्हापूर

कचेरीत फाईलसाठी अर्ज उद्याच देते. दुसरा कोडर पुन्हा १०० बातम्या करायला तयार आहे, पण सर्व बातम्या नव्याने कोड करण्याबद्दल मार्गदर्शकांशी अजून बोलायचे आहे. ०.३८ कुठे छापायचा, हेही त्यांनाच विचारीन.