मदत हवी आहे : सागवानी फळी न वाकता एकदम दुभंगली

गूळपेठ : कोल्हापुरातील आमच्या दुकानात जुन्या दरवाजाचे सागवानी तुकडे सरसाने जोडून केलेली एक फळी होती. आधारांमधील अंतर ६० सेंमी, रुंदी साडेबावीस आणि जाडी १.८ सेंमी. गुळाचे ३० किलोचे दोन रवे मधोमध एकावर एक ठेवताच ती सरळ रेषेत दुभंगली. शेजारची त्याच मापाची अखंड फळी एवढे वजन कित्येक वर्षे पेलत आहे. मोडलेल्या फळीत लाकडाच्या रेषा लांबीला नसून रुंदीला होत्या. लाकूड एकच असताना एवढा फरक का पडावा?

रंधा : आडव्या रेषेची फळी कमजोर असतेच, परंतु येथे दोष सरसाचा असावा. जोड सुटला असेल.

गूळपेठ : जोड शाबूत आहे. फळी त्याच्यापासून दोन बोटे अंतरावर फाटली आहे.

चाचणीमेज : मग सरस निर्दोष आहे. भार मधोमध एकवटला असे धरल्यास आपल्या फळीच्या तळाशी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ७४ किलो ताण येतो. चांगले वाळलेले निर्दोष सागवान रेषेच्या दिशेने वाकवले, तर ९००च्या आसपास मोडते. आडव्या दिशेने मात्र कठीण लाकडेही साधारण ३० ते ७० मध्येच फाटतात. लाकूड म्हणजे खोडाच्या उंचीच्या दिशेने लावलेल्या लांब, बारीक नळ्यांची जुडी आहे. उभ्या रेषेच्या फळीत तळचा ताण या नळ्यांच्या भिंतींतील सेल्युलोजचे तंतू स्वतः घेतात, आणि वरच्या बाजूच्या नळ्या आधी चेपत असल्याने फळी वाकून, कुरकुरून इशारा देते. आडव्या रेषेत तोच ताण नळ्यांना एकमेकींपासून ओढतो. तेथे तंतू तोडावे लागत नाहीत, केवळ शेजारच्या नळ्यांची पकड सुटावी लागते. म्हणून ती गुळगुळीत आणि अचानक फाटते. उभ्या रेषेची मोडली असती, तर तळाशी लांब कुसळे दिसली असती.

शाहूपुरीकर : आमच्या देवघराची फळीही पावसाळ्यात वाकडी होते. तिच्याही रेषा तपासाव्यात का?

चाचणीमेज : तो दमटपणाने फुगण्याचा प्रश्न आहे, भाराचा नव्हे.

गूळपेठ : नवीन फळी उभ्या रेषेची मिळाली आहे, परंतु रेषा दर १० सेंमी लांबीला १ सेंमी तिरकी सरकते आणि एका बाजूला गाठ आहे.

चाचणीमेज : एवढ्या तिरकेपणाने सुमारे पाचवा हिस्सा ताकद जाते, ५ सेंमीला १ सेंमी असता, तर जवळजवळ निम्मी गेली असती. तिरकेपणा कडेवरही मोजावा, केवळ वरच्या पृष्ठावर नको. गाठ वर ठेवल्यास ती दाबाच्या बाजूला येऊन कमी त्रास देईल.

रंधा : गाठीभोवती रेषा वळलेल्या असतात. मी ती फळी आधारांच्या मधोमध बसवणार नाही, गाठ वर असली तरी.

चाचणीमेज : गाठ केवढी आणि फळीच्या आरपार गेली आहे का, हे कळल्याशिवाय आपला आक्षेप मला खोडता येणार नाही. फळीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र टाकावे.