टोमॅटो, तिखट, कांदा, लसूण: जळजळीला खरंच कोण जबाबदार?

निशिगंध
सहा महिने झाले, तिखट, टोमॅटो, कांदा आणि लसूण चारही बंद आहेत. तरी आठवड्यातून दोन-तीनदा रात्री छातीत जळजळ होऊन जाग येते, तोंडात आंबट पाणी येतं. या चौघांतला खरा दोषी कोण? की मी उगाच बेचव जेवतेय?

ताम्रपर्ण
टोमॅटो अजिबात सुरू करू नका. पोटात आधीच आम्ल, त्यात टोमॅटोचं आम्ल, मग वर येणारच. तिखटाचंही तेच, ते पोटाचं अस्तर सोलून काढतं. मी दहा वर्षं दोन्ही टाळतोय आणि ठणठणीत आहे. निशिगंध, तुम्हाला फरक पडत नाही म्हणजे कुठेतरी चोरून पोटात जात असणार. बाटलीबंद सॉस बघा.

मेघना_आहार
ताम्रपर्ण, टोमॅटोने जळजळ होते हे तुमचं बरोबर आहे, पण कारण ते नाही. टोमॅटोचा पीएच साधारण चारच्या वर असतो आणि रिकाम्या पोटातल्या रसाचा एक ते दोन. पीएचमध्ये एका अंकाला दहापट फरक असतो, म्हणजे पोटातला रस टोमॅटोपेक्षा शेकडो पटींनी आंबट. टोमॅटो त्यात काय भर घालणार?

1978 साली एक प्रयोग झाला होता. जळजळीचा त्रास असलेल्या लोकांच्या अन्ननलिकेत नळीने थेट कॉफी, संत्र्याचा रस आणि टोमॅटोचं पेय सोडलं. पुष्कळांना नेहमीचीच जळजळ झाली. मग तीच पेयं आम्ल मारून, पीएच सातवर आणून दिली, तरीही जळजळ झालीच. म्हणजे दुखणं आंबटपणाचं नव्हतं. अन्ननलिकेचं अस्तर आधीच हुळहुळं झालेलं होतं आणि त्याला तो द्रव झोंबत होता. खरचटलेल्या गुडघ्याला मिठाचं पाणी लागावं तसं.

मी पोटाच्या आजारांच्या विभागात पंधरा वर्षं आहार सांगते. 'आम्ल वर येणं' आणि 'जळजळ जाणवणं' या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे वर्षानुवर्षं फिकं जेवणारी माणसं बघितली की वाईट वाटतं.

आनंदयात्री_६२
मला अल्सर झाला होता तेव्हा तिखट बंद करायला सांगितलं होतं. आता बरा आहे. मग सुरू करू का?

मेघना_आहार
काका, अल्सर हा वेगळा विषय आहे. तो बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो, तिखटामुळे नाही. जिवाणू गेल्याची चाचणी झाली होती का, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. इथे प्रश्न अन्न वर येण्याचा चाललाय.

तिखटाचं सांगते. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना जाऊन लागतं, तेच तंतू चटका बसल्यावर जागे होतात. म्हणून ते 'भाजतं'. जळजळीचा त्रास असलेल्यांना जेवणासोबत कॅप्सेसिन देऊन मोजमाप केलं, तेव्हा अन्ननलिकेत आम्ल जास्त आलं नाही, पण जळजळ लवकर शिगेला पोचली. म्हणजे मिरची आम्लाला वर यायचं दार उघडत नाही. जे आधीच आत आलंय ते जास्त जाणवून देते. अस्तर सोललं जातं हे मात्र खरं नाही.

ताम्रपर्ण
पण मेघनाताई, ज्याला जळतंय त्याला या फरकाचं काय? दार कुणी उघडलं याच्याशी मला देणंघेणं नाही. मला टोमॅटोने त्रास होतो, मी टाळतो.

मेघना_आहार
तुम्ही टाळा, त्यात काहीच चूक नाही. फरक पडतो तो निशिगंधसारख्यांना. त्यांनी झोंबणाऱ्या गोष्टी बंद केल्या आणि दार उघडणारी गोष्ट चालूच राहिली. मग पथ्य करूनही त्रास थांबत नाही आणि माणूस आणखी चार पदार्थ सोडतो.

प्रश्नचिन्ह
मुळात पथ्याचा उपयोगच सिद्ध झालेला नाही. 2006 साली जीवनशैलीच्या उपायांचा एक मोठा आढावा आला होता. त्यात वजन कमी करणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं, एवढ्या दोनच गोष्टींना आधार सापडला. कॉफी, चॉकलेट, तिखट सोडून फायदा होतो असं दिसलं नाही. सगळं खा, वजन बघा.

मेघना_आहार
आढावा बरोबर सांगितलात, निष्कर्ष जरा पुढे गेला. पदार्थ बंद करून फरक पडतो का हे नीट तपासणाऱ्या चाचण्याच तेव्हा फारशा नव्हत्या. पुरावा सापडला नाही, याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही. आणि या चौघांत एक असा आहे ज्याच्या विरुद्ध खरोखर मोजमाप आहे: कच्चा कांदा.

1990 सालचा प्रयोग आहे. 16 निरोगी माणसं आणि 16 जळजळीचा त्रास असलेली. एके दिवशी साधा हॅम्बर्गर आणि गार पाणी, दुसऱ्या दिवशी तेच, फक्त आत कांद्याची एक चकती. अन्ननलिकेत पीएच मोजणारी तार ठेवून दोन तास नोंद केली. निरोगी माणसांना कांद्याने काहीच फरक पडला नाही. त्रास असलेल्यांमध्ये मात्र आम्ल वर येणं आणि जळजळ दोन्ही वाढलं. इथे नुसतं झोंबणं नाही, आम्ल खरंच वर आलं.

प्रयोग लहान होता, आणि शिजवलेल्या कांद्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

सागरवेळ
माझ्या बाबतीत अगदी उलट. कांद्याने काही नाही, लसूण खाल्ला की दोन तासांनी पोट गच्च फुगतं, ढेकरांवर ढेकर आणि मग आंबट पाणी. लसणावर कुणी प्रयोग केलाय का?

मेघना_आहार
सागरवेळ, तुम्ही सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे: आधी फुगणं, मग ढेकर, मग आंबट पाणी. लसूण आणि कांदा दोघांत फ्रुक्टान असतात. ते आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि गॅस होतो. त्याच जातीची साखर त्रास असलेल्या लोकांना मुद्दाम खायला देऊन बघितलं, तेव्हा अन्ननलिकेच्या खालची झडप जास्त वेळा सैल पडली आणि आम्ल जास्त वेळा वर आलं. पण तिथे दिवसाला 20 ग्रॅम दिली होती. लसणाच्या दोन पाकळ्यांत एवढी कुठून येणार? त्यामुळे लसणाबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. तुम्हाला फुगण्याचा त्रास मुळातच असेल, तर तुमची शंका खरी असू शकते.

निशिगंध, तुमची एक नोंद हवी आहे. गेल्या दोन आठवड्यांत त्रास झालेल्या रात्री कोणत्या, त्या दिवशी किती वाजता जेवलात आणि किती वाजता आडव्या झालात?

निशिगंध
मोबाईलवर लिहून ठेवलंय. त्रास पाच रात्री झाला. त्यातल्या चार रात्री कामावरून उशीर, जेवण पावणेदहाच्या आसपास, साडेदहाला झोप. दुपारी धड खाणं झालेलं नसतं, म्हणून रात्री पोटभर जेवते. पाचव्या रात्री जेवण साडेसातलाच झालं होतं, पण नंतर दहाला चॉकलेट आणि कॉफी घेतली. बाकीच्या नऊ रात्री जेवण आठच्या आत. त्या रात्री काही नाही. हे आत्ता लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

मेघना_आहार
हेच शोधत होते. पोट भरून ताणलं गेलं की अन्ननलिकेच्या खालची ती झडप अधूनमधून सैल पडते, वारा बाहेर सोडण्यासाठी. हे सगळ्यांचंच होतं. जेवणानंतर ताजं आम्ल अन्नाच्या वर, अगदी झडपेखाली साठतं. तुम्ही बसलेल्या असाल तर ते खाली राहतं, थोडं वर आलंच तर लाळेने आणि गिळण्याने परत जातं. पाऊण तासात आडव्या झालात आणि झोप लागली, की गिळणंही थांबतं. मग आलेलं आम्ल तिथेच राहतं.

जपानमधल्या एका अभ्यासात जेवण आणि झोप यात तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवणाऱ्यांची तुलना चार तास किंवा जास्त ठेवणाऱ्यांशी केली होती. पहिल्यांत या आजाराचं प्रमाण बरंच जास्त निघालं. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालंय असं नाही. पण तुमची नोंद तेच बोलतेय.

आता तीन आठवडे असं करा. उशीर होणार असेल त्या दिवशी संध्याकाळी सहाला कामावरच अर्धं जेवण घ्या, घरी आल्यावर थोडंसंच. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे ठोकळे लावा. उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. मग दुसऱ्या आठवड्यापासून एकेक पदार्थ परत आणा, दुपारच्या जेवणात, ठरावीक मापाने, वेगवेगळ्या तीन दिवशी. एकदा त्रास झाला तर तो योगायोग असू शकतो. तीनपैकी दोनदा झाला तरच संशय धरा.

प्रश्नचिन्ह
चॉकलेट आणि कॉफीची रात्र सोडून दिलीत. त्यात दोष कुणाचा?

मेघना_आहार
एका रात्रीवरून ठरवता येणार नाही. चॉकलेटने आम्ल वर येणं वाढतं असं एका लहान प्रयोगात दिसलं होतं. कॉफीबद्दलचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. दहाला काहीही खाऊन झोपलं तरी असंच झालं असतं, हीही शक्यता आहे.

सुरेखा_प
एक सांगू? माझ्या सासऱ्यांची 'अॅसिडिटी' जिना चढताना व्हायची. सगळे लसणाला दोष देत राहिलो, निघालं हृदयाचं. चालताना छाती भरून येत असेल, घास अडकत असेल, वजन आपोआप कमी होत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर नोंदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

निशिगंध
सुरेखाताई, यातलं काही नाही, तरी तपासून घेतलं. ईसीजी ठीक आहे.

तीन आठवड्यांचं सांगते. रात्रीची जळजळ एकूण दोनदा झाली, दोन्ही वेळा घरी कार्यक्रम होता आणि जेवण साडेदहाला. शिजवलेला टोमॅटो दुपारी तीनदा खाल्ला, काही नाही. मिरची तीनदा, जिभेला लागली, छातीत काही नाही. कच्चा कांदा तीनपैकी दोनदा नडला, दुपारीच, बसलेली असताना. तोच कांदा परतून घेतला तर चालला. लसूण अजून सुरू केलेला नाही.

ताम्रपर्ण
दुपारी टोमॅटो चालला, ठीक. पण त्या कार्यक्रमाच्या दोन रात्री जेवणात टोमॅटो होता का?

निशिगंध
एका रात्री होता, एका रात्री नव्हता. जिथे होता तिथे जळजळ जास्त वेळ टिकली, हे खरं.

मेघना_आहार
ताम्रपर्ण, इथे तुमचं म्हणणं बसतं. दार उशिराच्या जेवणाने उघडलं आणि वर आलेल्यात टोमॅटो होता, म्हणून जास्त झोंबलं. निशिगंध, उशीर होणार असेल त्या रात्री टोमॅटो आणि तिखट कमी ठेवा, एरवी मोकळेपणी खा. लसूण आधी तेलात परतलेला एक पाकळी घेऊन बघा, आणि फुगल्यासारखं वाटतं का ते वेगळं लिहा.

सागरवेळ
मीपण सोमवारपासून तेच करते. एक पाकळी, तीन दिवस. इथेच लिहीन.