‘बाळाला’ द्वितीया की चतुर्थी? (व्याकरणाच्या स्वाध्यायाचा फोटो)

श्रावणी
मुलगी सातवीत आहे. घरी मराठी बोलतो, पण व्याकरण आलं की मी आणि ती दोघीही गप्प. तिच्या वहीच्या पानाचा फोटो टाकला आहे. उजेड कमी होता आणि उजवीकडची कड कापली गेली, त्यामुळे वाचता येतं तेवढं इथे उतरवते. नुसती उत्तरं नकोत, ‘का’ तेही सांगा. बाई प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहायला लावतात.

विभक्ती ओळखा (कंसात अधोरेखित शब्द):
१) आईने बाळाला दूध पाजले. (आईने, बाळाला)
२) पोलिसानी चोराला पकडले. (पोलिसानी, चोराला)
३) मी पत्र लिहिले. (मी)
४) आजी विळीने भाजी चिरते. (विळीने)
५) पाखरू झाडावरून उडाले. (झाडावरून)
६) बाबा घरी आले. (घरी)

काळ ओळखा:
७) आजोबा रोज गोष्टी सांगत अस…
८) मी उद्या कोल्हापूरला जातो.
९) ताईने पत्र वाचले आहे.
१०) “थांब, आलोच!”

बंडूनाना
सोपं आहे की. ने, नी, शी दिसलं की तृतीया. स, ला, ना, ते दिसलं की द्वितीया. ऊन, हून पंचमी. त, ई, आ सप्तमी. म्हणून १ मध्ये तृतीया आणि द्वितीया, २ मध्येही तेच, ३ प्रथमा (प्रत्ययच नाही), ४ तृतीया, ५ पंचमी, ६ सप्तमी. काळ: ७ अपूर्ण भूत, ८ वर्तमान, ९ भूत, १० भूत. झालं!

देवदत्त
बंडूनाना, निम्मं बरोबर आहे. पण ‘ला’ दिसलं की द्वितीया, हे काही पटत नाही. स, ला, ना, ते हेच प्रत्यय तक्त्यात चतुर्थीच्या ओळीतही आहेत. संस्कृतात दोघींची रूपं वेगळी, रामम् आणि रामाय. मराठीत ती एकच झाली, तरी तक्त्यात खाने दोनच राहिले. म्हणून नुसता प्रत्यय पाहून उत्तर निघत नाही, तो शब्द वाक्यात काय करतोय ते पाहावं लागतं.

मी मुलांना एक खटपट करायला सांगायचो. ‘ला’ काढून टाका आणि वाक्य उभं राहतं का बघा. ‘पोलिसांनी चोर पकडला.’ राहतं. म्हणजे चोर हेच कर्म, ‘चोराला’ द्वितीया. आता पहिलं वाक्य घ्या. ‘आईने बाळ दूध पाजले.’ कोसळलं. बाळ हे इथलं कर्म नाही, ज्याला दूध मिळालं तो आहे. म्हणून चतुर्थी.

अजून खात्री हवी तर दुधाच्या जागी दुसरं काही ठेवा. आईने बाळाला खीर पाजली. आईने बाळाला काढा पाजला. क्रियापद खिरीबरोबर, काढ्याबरोबर बदलतंय. बाळाच्या जागी मुलीला, मुलांना असं काहीही घाला, क्रियापद ढिम्म हलत नाही. दूध हे प्रत्यक्ष कर्म, बाळ संप्रदान. वहीत कारण म्हणून एवढंच लिहा: ‘देण्याची क्रिया ज्याच्याकडे जाते तो शब्द, म्हणून चतुर्थी.’

गौरी_एम
देवदत्तसर, ही ‘ला’ काढायची युक्ती माणसाच्या नावावर चालत नाही ना? ‘रामाला बोलावले’ याचं ‘राम बोलावले’ कोण म्हणतं? आणि ‘मला मारले’ यातला ‘ला’ तर निघतच नाही.

देवदत्त
बरोबर पकडलंत. विशेषनाम आणि सर्वनाम असलं की ती युक्ती थकते. तेव्हा त्या जागी एखादी निर्जीव वस्तू ठेवून पाहायची. ‘मला मारले’चं ‘चेंडू मारला’ करून बघा, वाक्य उभं राहतं, म्हणजे द्वितीया. ‘मला पुस्तक दिले’ मध्ये ‘मला’च्या जागी ‘चेंडू’ ठेवला तर ‘चेंडू पुस्तक दिले’ होतं, हसू येतं. तिथे चतुर्थी. ‘मला आंबा आवडतो’ मध्येही चतुर्थीच, कारण क्रियापद आंब्याचं ऐकतं: कैरी आवडते, आंबे आवडतात.

मुक्ता
दुसऱ्या वाक्यात मला वेगळीच अडचण दिसते. फोटोत ‘पोलिसानी’ आहे. ‘सा’वरचं अनुस्वाराचं टिंब फोटोत पुसलं गेलं असणार. एकवचन असतं तर ‘पोलिसाने’ लिहिलं असतं. नी हा अनेकवचनाचा प्रत्यय, आणि तो लागताना आधीच्या सामान्यरूपावर अनुस्वार येतोच: पोलिसांनी, मुलींनी, झाडांनी. म्हणून वहीत ‘पोलिसांनी – तृतीया, अनेकवचन’ असं लिहा. बोलताना आपण सगळे ‘त्यानी सांगितलं’ म्हणतो, तिथूनच मुलांच्या वहीत ही चूक येते. एक माणूस असेल तर त्याने, अनेक असतील किंवा आदराने बोलायचं असेल तर त्यांनी.

बंडूनाना
ठीक. पण ३ ला तरी प्रथमाच. ‘मी’ला काय चिकटलंय? काही नाही!

देवदत्त
चिकटलेलं दिसत नाही, पण काम तृतीयेचं आहे. ‘मी’च्या जागी ‘तो’ बसवून पाहा. ‘तो पत्र लिहिले’ म्हणणार का? ‘त्याने पत्र लिहिले’ असंच म्हणावं लागतं. म्हणजे ती जागा तृतीयेची. ‘मी पत्र लिहितो’ मध्ये मात्र ‘तो पत्र लिहितो’ चालतं, तिथला ‘मी’ प्रथमेतला. जुन्या मराठीत यासाठी ‘म्यां’ होतं, ‘त्वां’ होतं. आता ‘मी’ आणि ‘तू’ला ने लावत नाहीत, म्हणून दोन्ही रूपं सारखी दिसतात. क्रियापदही तेच सांगतं: मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद चिठ्ठीचं ऐकणार.

सातवीच्या बाई ‘प्रथमा’ हेच उत्तर घेतील अशी शक्यता आहे. तरी कारण लिहून ‘तृतीया’ दिलं तर चूक धरणं त्यांना अवघड जाईल.

मुक्ता
४ मधला ‘विळीने’ सुद्धा तृतीया, पण १ मधल्या ‘आईने’हून निराळा. आई पाजणारी, म्हणजे कर्ता. विळी भाजी चिरणारी नाही, चिरणारी आजी. विळी साधन. नानांचं ‘ने म्हणजे तृतीया’ इथे चालतं, ‘ने म्हणजे कर्ता’ मात्र चालत नाही. कारणाच्या रकान्यात ‘कशाने चिरते?’ हा प्रश्न लिहून टाका, पुरे.

वऱ्हाडी_पोट्टा
आमच्याकडे ‘मले भूक लागली’ म्हणतात. तुमच्या तक्त्यात ‘ले’ कुठेच नाही. मग आमची विभक्ती कोणती, हे कोणी लिहिलंय का? श्रावणीताई, पानावर वऱ्हाडीचं वाक्य आहे का?

श्रावणी
नाही हो, पानावर एवढंच आहे. :)

देवदत्त
‘मले’ म्हणजे ‘मला’च. मालवणीत तेच ‘माका’ होतं. जागा चतुर्थीची, तक्ता फक्त पुस्तकी मराठीचा. पानाकडे परत येऊ.

६ वा ‘घरी’ सप्तमी, ई प्रत्यय. ‘कुठे आले?’ असं विचारा. अशीच रूपं दारी, रात्री, सकाळी.

५ वर मी अडतो. ‘झाडावरून’मध्ये ऊन दिसतो खरा, पण तो झाडाला चिकटलेला नाही, ‘वर’ला चिकटलाय. झाडाला लागलंय ते ‘वरून’ हे शब्दयोगी अव्यय. गावाहून, घरून हे निखळ पंचमीचे शब्द. झाडावरून हा शब्दयोगी अव्यय लागलेला शब्द, अर्थ अपादानाचा.

गौरी_एम
सर, एका भरती परीक्षेत मी नेमकं हेच लिहिलं आणि गुण गेला. उत्तरतालिकेत ‘पंचमी’ होतं. हरकत घेतली, काही झालं नाही. मला वाटतं पाखरू झाडापासून दूर जातंय, म्हणजे अर्थाने पंचमीच. तुमचं म्हणणं व्याकरणाला धरून असेल, पण गुण मिळाला पाहिजे ना.

देवदत्त
गुणासाठी पंचमी लिहा, माझी हरकत नाही. फक्त अर्थ आणि प्रत्यय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थावरून विभक्ती ठरवायची तर ‘घरापासून’, ‘तुझ्यामुळे’ हेही पंचमीतच घ्यावे लागतील. तसं कोणी घेत नाही.

मुक्ता
आता काळ. ९ वर नाना ‘भूत’ म्हणतात कारण वाचून झालंय. पण शेवटी ‘आहे’ आहे. पत्र वाचून झालं आणि ती अवस्था आत्ता आहे, म्हणून पूर्ण वर्तमानकाळ. ‘वाचले होते’ म्हटलं की पूर्ण भूत, ‘वाचले असेल’ म्हटलं की पूर्ण भविष्य. पहिला शब्द पूर्ण की अपूर्ण ते सांगतो, दुसरा काळ सांगतो. ‘वाचत आहे’ मध्ये ‘वाचत’ म्हणजे अजून चाललंय, अपूर्ण.

७ वर मी काही सांगणार नाही, कारण शब्द कापला गेलाय. ‘असत’ असेल तर रीतिभूत, ‘असतात’ असेल तर रीतिवर्तमान. दोन्हींत सवय आहे, ‘रोज’ शब्द त्याचीच खूण. दोन अक्षरांवर काळ अवलंबून आहे. नवा फोटो टाका.

बंडूनाना
८ वर तरी माझं ‘वर्तमान’ बरोबर ना? जातो म्हणजे वर्तमान.

मुक्ता
रूप वर्तमानाचं, अर्थ भविष्याचा. ‘उद्या’ तिथे उगाच ठेवलेला नाही. दहाव्यात तसंच: ‘आलो’ रूप भूतकाळाचं, पण माणूस अजून आलेलाच नाही, लगेच येणार आहे. आत्ता निघाले बघ, हे बसस्टॉपवर उभं राहून फोनवर म्हणतो तसं. शाळेत अशा वेळी ‘संनिहित भविष्य’ म्हणतात. बाईंनी शिकवलं असेल तर तेच लिहा. नसेल तर ‘रूप साधा वर्तमान, अर्थ भविष्य’ आणि ‘रूप साधा भूत, अर्थ भविष्य’.

गौरी_एम
आणि ‘कोल्हापूरला’? विचारलेलं नाही, पण मला कायम अडकवतं. द्वितीया की चतुर्थी?

देवदत्त
त्यावर माझं स्वतःचं मत दोनदा बदललंय. ‘ला’ काढायची युक्ती लावली तर ‘कोल्हापूर जातो’ बसत नाही, म्हणजे चतुर्थीकडे कल. पण संस्कृतात ‘ग्रामं गच्छति’ आणि ‘ग्रामाय गच्छति’ दोन्ही शुद्ध. जायच्या क्रियापदाला ठिकाण कर्म म्हणून घेता येतं आणि चतुर्थीतही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक आपलंच खरं म्हणतात.

श्रावणी
आज उजेडात फोटो काढला. सातव्यात ‘सांगत असत’ आहे. लेकीने आधी ‘अपूर्ण भूतकाळ’ लिहिलं होतं, ‘सांगत’ पाहून. मी विचारलं, आजोबा एकदा सांगत होते की नेहमी सांगत? ती म्हणाली, नेहमी. मग स्वतःच खोडून रीतिभूतकाळ लिहिलं. २ ऱ्यातला अनुस्वारही छापलेला आहे, फोटोतच गेला होता.

तिसऱ्यावर आमच्या बाईंनी ‘प्रथमा’ला बरोबर दिलंय, आणि पाचव्यावर पंचमीला. देवदत्तसरांचं कारण तिने तिसऱ्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय. उद्या विचारते म्हणाली.

बंडूनाना
मग उद्या बाई काय म्हणाल्या ते इथे टाका.