उत्तर: मिहान, व्हीएनआयटी आणि पूर्ण नाव

> ‘मिहान आणि व्हीएनआयटी दोन्ही लघुरूपंच ना? मग फरक काय, आणि पूर्ण नाव कधी लिहायचं?’

फरक उच्चारात आहे. मिहान आपण सलग शब्दासारखं म्हणतो, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं नावही तसंच. व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेच्या नावात मात्र एकेक अक्षर सुटं वाचतो.

पूर्ण नाव लिहायचं की नाही, हे मात्र उच्चारावर नाही, वाचकावर ठरतं. नागपूरच्या बातमीत नुसतं ‘मिहान’ चालतं. तेच पुण्याच्या अंकात पहिल्या उल्लेखाला ‘मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर (मिहान)’ असं द्या, पुढे फक्त मिहान. नाव एकदाच येणार असेल तर कंसाची गरजच नाही. एटीएम कोणी फोडून लिहू नये, उगाच अडखळायला होतं. मथळ्यात लघुरूप ठेवा, फोड पहिल्या परिच्छेदात.