उत्तर: सुट्टीतल्या खोलीभाड्याचा जादा दर ‘तारखेला’ नको, ‘रात्री’ लिहा

> "'१४ ते १६ तारखेला जादा दर, किमान ३ रात्री मुक्काम' एवढं लिहिलं तर पुरे ना?"

नाही, सुट्टीतल्या बुकिंगच्या अटी लिहिताना वाद इथेच होतो. १६ ला सकाळी खोली सोडणारा म्हणतो, मी १६ ला राहिलोच नाही. १६ ला संध्याकाळी येणारा म्हणतो, सुट्टी संपली. दोघंही आपापल्या जागी बरोबर! म्हणून रात्री मोजा: "१४, १५ आणि १६ च्या रात्रींसाठी प्रत्येक खोलीमागे प्रत्येक रात्री जादा आकार, खोली १७ ला सकाळी सोडायची." 'प्रत्येक खोलीमागे' गाळलंत, तर कुणी तो माणशी समजतं, कुणी पूर्ण बुकिंगला एकदाच.

किमान मुक्कामाचं मला उशिरा कळलं. मी अट फक्त १४, १५ आणि १६ ला येणाऱ्यांना लावली होती. एकजण १३ ला आला, १३ आणि १४ अशा दोनच रात्री राहिला आणि सिस्टमने बुकिंग निमूट घेतलं. मागे उरल्या १५ आणि १६. तीन रात्रींच्या अटीत त्या बसेनात, खोली रिकामी. बऱ्याच बुकिंग सिस्टममध्ये दोन पर्याय असतात: आगमनाच्या दिवसावर अट, किंवा मुक्कामातल्या कुठल्याही रात्रीवर अट. दुसरा निवडा, आणि मजकुरातही तेच लिहा: "या तीनपैकी एकही रात्र असलेला मुक्काम किमान ३ रात्रींचा." तरीही एखाददुसरी रात्र सुटी राहतेच, चार-पाच दिवस आधी तेवढ्या खोलीपुरती अट काढून टाकावी, जादा आकार मात्र ठेवावा.